हाकेची परतफेड

आमच्या शाळेतल्या मावशी काही वर्षांपूर्वी कामावरून उतरल्या. त्यांना निरोप द्यायचा, साडी-चोळी द्यायची आणि मानपत्र वाचायचे असे ठरले. मानपत्र रंगविण्याचे काम माझ्याकडे आले. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक आणि त्यापुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका एवढेच. पण अक्षर बरे आहे, आणि दोन-चार कादंबऱ्या लिहिल्यामुळे शुद्धलेखनही बरे असावे असा सहकाऱ्यांचा समज आहे. मुख्याध्यापकांनी मजकूर लिहून दिला. त्यात ‘श्रीमती’ या शब्दापुढे जागा मोकळी होती. “नाव तेवढे तुम्ही घाला,” ते म्हणाले.

मी शिक्षकखोलीत विचारले, “मावशींचे नाव काय?” सोळा माणसे बसली होती. कोणी म्हणाले शांताबाई असेल, कोणी म्हणाले कांताबाई. आडनाव तर कोणालाच ठाऊक नव्हते. हजेरीपट काढला, तर त्यात त्या नव्हत्याच. त्यांचे काम मानधनावरचे. शेवटी व्हाउचरांच्या गठ्ठ्यात, अंगठ्याच्या निळ्या ठशाशेजारी, कारकुनाच्या हातचे त्यांचे नाव सापडले. एकवीस वर्षे त्या बाईंनी आम्हाला पाणी दिले होते, आणि एकवीस वर्षे आम्ही त्यांना रोज सकाळी प्रेमाने ‘मावशी’ म्हणत होतो.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाच्या ताटात हे कारले कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण त्या दिवसापासून मी कचेऱ्यांतल्या, शाळांतल्या आणि दवाखान्यांतल्या हाका कान देऊन ऐकू लागलो. आमच्यापैकी कोणीही मावशींशी उर्मटपणे बोलत नव्हता. शब्द मायेचाच होता. मग त्या मायेच्या शब्दाने माणसाचे नाव कसे गिळले, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

आधी ‘साहेब’ घेऊ, कारण सगळा राग त्याच्यावरच काढला जातो. ही गुलामीची खूण, इंग्रज गेला आणि हे शेपूट मागे ठेवून गेला, असे सभांमधून ऐकू येते. ते खरे नाही. शब्द अरबी, मूळ अर्थ सोबती, आणि त्यावरून धनी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला तो इंग्रजांच्या कितीतरी आधी. सिंदखेडराजा आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातला. तिथे जन्मलेल्या जिजाबाईंना महाराष्ट्र ‘आऊसाहेब’ म्हणतो. म्हणजे हा शब्द परका नव्हता, आणि केवळ पुरुषांचाही नव्हता. तो नात्याच्या शब्दाला मागून चिकटत असे आणि मायेला अदब जोडत असे. दादासाहेब, आबासाहेब, वहिनीसाहेब ही सगळी त्याच घराण्यातली रूपे. कोट्यवधी लोकांनी डॉ. आंबेडकरांना ‘बाबासाहेब’ म्हटले आणि आमच्या विदर्भाने डॉ. पंजाबराव देशमुखांना ‘भाऊसाहेब’ म्हटले, ते या जुन्या अर्थाने. त्यात भीती नव्हती.

मग फरक कुठे पडला? वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. इंग्रजी अमलात ‘साहेब’ नात्यापासून सुटून एकटा उभा राहिला. ‘साहेबाचा देश’ म्हणजे विलायत आणि ‘साहेबाची भाषा’ म्हणजे इंग्रजी, हे प्रयोग अजून आपल्या तोंडी आहेत. या एकट्या उभ्या राहिलेल्या साहेबाला ना नाव होते, ना नाते. फक्त खुर्ची होती. आजच्या कचेरीत आपण वापरतो तो हा दुसरा साहेब. एकाच शब्दाच्या पोटी दोन शब्द आहेत, हे ध्यानात घेतले नाही की टीका भलत्याच ठिकाणी बसते.

याचे सर्वांत गमतीचे उदाहरण गावोगाव होते. ग्रामपंचायतीचा कारभार पाहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पदाचे नाव वर्षानुवर्षे ‘ग्रामसेवक’ असे होते, आणि गाव त्याला हाक मारी ती ‘भाऊसाहेब’ अशी. कागदावर सेवक, ओट्यावर साहेब! दाखला हवा असलेला म्हातारा उन्हात उभा राहून म्हणतो, “भाऊसाहेब, तेवढं पाहा ना.” त्यातला ‘भाऊ’ हा विनवणीचा, आणि ‘साहेब’ हा अनुभवाचा. २०२४ साली शासनाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव दिले. हाकेने पदाला आपल्याकडे ओढून घेतले असेच म्हणावे लागेल. आता सेवक कागदावरूनही गेला, भाऊसाहेब मात्र आहे तिथेच आहेत.

आता नात्याच्या शब्दांकडे वळू. कोणत्याही सरकारी दवाखान्यात किंवा शाळेत सकाळी अर्धा तास बाकावर बसा आणि कोण कोणाला काय म्हणतो ते एका कागदावर लिहा. मी लिहिले आहे. डॉक्टर ‘सर’ किंवा ‘मॅडम’. परिचारिका ‘सिस्टर’, हा इंग्रजी नात्याचा शब्द, पण इंग्रजी असल्यामुळे त्याला थोडा मान. गाडीचा चालक ‘काका’ किंवा ‘दादा’. शिपाई ‘मामा’. झाडणारी आणि बाळंतिणीचे कपडे उचलणारी ‘मावशी’. कागद पुरा झाला की एक गोष्ट आपोआप दिसते. ‘सर’ आणि ‘साहेब’ हे शब्द खालून वर जातात, आणि नात्याचे शब्द वरून खाली येतात. डॉक्टर मावशीला मावशी म्हणतात. पण मावशी डॉक्टरला ‘बाळा’ म्हणत नाही. खऱ्या मावशीला ती मुभा असते. खरी मावशी भाच्याचा कानही धरते. कामावरच्या मावशीला नात्याचे नाव मिळते, नात्याचा अधिकार मिळत नाही.

दुसरी गोष्ट वयाची. हे शब्द वयाला मान देतात असे आपण समजतो. पण सव्वीस वर्षांच्या शिपायाला पन्नाशीचे शिक्षक ‘मामा’ म्हणताना मी रोज ऐकतो, आणि त्या पन्नाशीच्या शिक्षकांना कोणीही मामा म्हणत नाही. म्हणजे ‘मामा’ इथे वयाचा शब्द नाही, पगाराच्या श्रेणीचा शब्द आहे.

तिसरी गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली. या यादीत मामा आहे, मावशी आहे, काका आहे, दादा-ताई आहेत. पण आत्या कुठेच नाही. मी आजवर एकाही कचेरीत झाडणाऱ्या बाईला ‘आत्या’ म्हटलेले ऐकले नाही. आपल्या घरात आत्या म्हणजे मान घेणारी, प्रसंगी रुसणारी, बारशाला नाव ठेवणारी. मामा आणि मावशी म्हणजे देणारी माणसे. त्यांच्याकडे हट्ट करायचा, आणि त्यांनी ‘असू दे’ म्हणायचे. जिच्याकडून सेवा हवी आहे तिला आपण मावशी केले, आणि जी हक्काने बसून मान मागेल ती आत्या आपण घरीच ठेवली. हे कोणी ठरवून केलेले नाही. पण भाषा न ठरवता जे करते, तेच अधिक खरे असते.

‘ताई’ची गोष्ट याहून नाजूक आहे, आणि इथे मला घाई करून निकाल द्यायचा नाही. परक्या माणसाशी कामापुरते बोलावे लागणाऱ्या बाईला ‘दादा’ हा शब्द कुंपणासारखा उपयोगी पडतो. एस.टी.त वाहकाला “दादा, खामगाव एक” असे म्हणणारी मुलगी त्या एका शब्दाने आपले आणि त्याचे अंतर मोजून ठेवते. तसेच गावातली सून अंगणवाडीच्या ‘ताई’पुढे जे बोलते, ते ‘मॅडम’पुढे कधीच बोलणार नाही. हा लाभ खरा आहे. पण त्याची किंमत कोण देते? अंगणवाडीची योजना १९७५ साली सुरू झाली. त्यातल्या ताईंना मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’; त्या कर्मचारी नव्हेत, ‘सेविका’. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले ते २०२२ साली. शब्दामुळे पैसे अडले असे मी म्हणत नाही. कारणे पुष्कळ आहेत. पण ‘ताई’, ‘सेवा’ आणि ‘मानधन’ हे तीन शब्द एकमेकांचा हात धरून चालतात, एवढे खरे. बहिणीला कोणी पगार देत नाही. तिला ओवाळणी घालतात.

‘बाई’ या शब्दाचे तर याहून वाईट झाले. जिजाबाई, अहिल्याबाई, मुक्ताबाई यांच्या नावाला जो शब्द शोभला, तो माझ्या लहानपणी शाळेतल्या बाईंनाही शोभत होता. पुढे शहरात ‘आज बाई आली नाही’ याचा अर्थ ‘भांडी पडली आहेत’ असा झाला, आणि शिक्षिका एकामागून एक ‘मॅडम’ झाल्या. त्यांना दोष देता येत नाही. ज्या शब्दाची पायरी घसरली, त्यावर उभे राहायला कोणाला आवडेल? पुरुषांच्या ‘गुरुजी’ची जागा ‘सर’ने घेतली, पण गुरुजी शब्द निदान अब्रूनिशी जुना झाला. ‘बाई’ मात्र कामाला लावला गेला.

नमस्काराच्या शब्दांचा इतिहास आपल्याला यातून वाट दाखवू शकेल असे मला वाटते. आमच्या जिल्ह्यातले देऊळगावराजाजवळचे मेहुणाराजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. चोखोबांच्या नावावर ‘जोहार’ या प्रकारची रचना आहे. ‘जोहार’ हा महारांनी वरच्या जातींना करावयाचा नमस्कार. त्याचे वैशिष्ट्य असे की तो परत येत नसे. जोहार घेणारा उलट जोहार करीत नसे. ‘रामराम’चे तसे नाही, रामरामला उत्तर रामरामच. म्हणून रामराम कोणी कोणाला करावा यावरून गावोगाव कुरबुरी होत. कारण रामराम घेतला की परत करावा लागतो, आणि परत केला की दोघे एका पायरीवर येतात. पुढे आंबेडकरांच्या चळवळीत ‘जय भीम’ आला. तो रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते. त्यालाही उत्तर ‘जय भीम’च. जोहार टाकून जय भीम घेणे म्हणजे केवळ एका शब्दाऐवजी दुसरा घेणे नव्हते. न फिरणाऱ्या शब्दाऐवजी फिरणारा शब्द घेणे होते.

इथे मला माझी कसोटी सापडली. शब्द देशी की विदेशी, जुना की नवा, गोड की कोरडा, हे सगळे दुय्यम. जो शब्द मी तुम्हाला म्हटला, तो तुम्ही मला परत म्हणू शकता की नाही, एवढेच पाहावे. रॉजर ब्राउन आणि आल्बर्ट गिलमन या अमेरिकन अभ्यासकांनी १९६० साली युरोपातल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांविषयी हेच दाखवून दिले. एकाने ‘तू’ म्हणायचे आणि दुसऱ्याने ‘तुम्ही’, ही सत्तेची भाषा. दोघांनी एकच म्हणायचे, ही बरोबरीची.

या कसोटीवर नवे पर्याय तपासू. १ ऑक्टोबर २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाने निर्णय काढून कर्मचाऱ्यांनी दूरध्वनीवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे असे सुचविले, सक्ती नव्हती. त्यावर वाद पुष्कळ झाला. पण माझी शंका वेगळीच आहे. ‘वंदे मातरम्’ फिरणारा शब्द आहे, ते ठीक. मात्र त्याच्या मागून येणारा ‘साहेब’ तसाच राहिला. आरंभ बदलला, संबोधन बदलले नाही. पोलीस ठाण्यातही ‘जय हिंद’ला उत्तर ‘जय हिंद’ मिळते. पण खालचा ‘जय हिंद, सर’ म्हणतो आणि वरचा नुसतेच ‘जय हिंद’ म्हणतो. असमानता त्या दोन अक्षरांत मुक्काम करून असते.

दुसरा पर्याय नावाने हाक मारण्याचा. माझा एक विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, असे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. मी विचारले, “तुझ्या वरिष्ठाने जेवण केले की नाही, हे मराठीत कसे विचारतोस?” तो थबकला. इंग्रजीत एकच सर्वनाम आहे, त्यामुळे तिथे नाव घेऊन सुटता येते. मराठीत क्रियापद वाट अडवून उभे असते. ‘जेवलास का’ म्हणावे की ‘जेवलात का’? शेवटी हसून तो म्हणाला, “गुरुजी, हे आम्ही इंग्रजीतच विचारतो.” म्हणजे बरोबरी आली, पण मराठीला दाराबाहेर ठेवून आली. माझ्या मते मराठीतले उत्तर सोपे आहे. नाव घ्यावे आणि क्रियापद ‘तुम्ही’चे ठेवावे, पण दोघांनीही. वरचा ‘तू’ आणि खालचा ‘तुम्ही’ असे झाले, तर नावाची हाकसुद्धा जोहारच ठरते.

तिसरा प्रयोग केरळातला. पालक्काड जिल्ह्यातल्या माथूर ग्रामपंचायतीने २०२१ साली ठराव करून आपल्या कचेरीत ‘सर’ आणि ‘मॅडम’ हे शब्द बंद केले. लोकांनी अधिकाऱ्याला पदाने किंवा नावाने हाक मारावी; ते जड वाटले तर मल्याळममधले दादा-ताई म्हणावे. त्याहून महत्त्वाचे असे की अर्जातला ‘विनंती करतो’ या अर्थाचा शब्द काढून ‘हक्काने मागतो’ या अर्थाचा शब्द घालण्याचेही त्यांनी ठरविले. हा ठराव मला आवडतो, कारण त्यात हाक आणि अर्ज या दोन्हींचा एकत्र विचार आहे. पण नात्याच्या शब्दांची जी सवलत ठेवली आहे, ती आपल्याकडे जपूनच घ्यावी लागेल. गावकरी अधिकाऱ्याला दादा म्हणेल. अधिकारी म्हाताऱ्या गावकऱ्याला काय म्हणेल, यावर सगळे अवलंबून.

आणि एक नमुना तर आमच्या दारातच आहे. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात सेवेकरी येणाऱ्या प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतात. पुरुष असो, बाई असो, मोटारीतून उतरलेला असो की वारीतून पायी आलेला. “माउली, पुढे चला.” आणि येणाराही सेवेकऱ्याला ‘माउली’च म्हणतो. हा नात्याचाच शब्द आहे, आईचा. पण तो पूर्ण फिरतो. त्यात वर-खाली नाही, बाई-पुरुष नाही, जात नाही. मात्र त्याची मर्यादा अशी की तो देवाच्या आवारात चालतो. तहसील कचेरीत शिपाई अधिकाऱ्याला ‘माउली’ म्हणाला, तर लोक हसतील. शब्दाला बरोबरी येते ती त्या जागेच्या नियमाने. शब्द उचलून दुसरीकडे नेला, तर नियम मागेच राहतो.

आमच्या शाळेत आम्ही पुढे एक लहानसा प्रयोग केला. शिपाई असो की मुख्याध्यापक, नाव घ्यायचे, पुरुषाला ‘राव’ आणि बाईला ‘ताई’ जोडायचे, आणि सर्वांनी सर्वांना ‘तुम्ही’ म्हणायचे. चार महिने बरे चालले. तरुण शिपायाला पहिला आठवडा घाम फुटत असे; मुख्याध्यापकांना नावाने हाक मारण्याआधी तो एकदा खाकरून घेई. मग तपासणीला वरून साहेब आले. त्या दिवशी सगळे पुन्हा सर, मॅडम, मामा झाले, आणि नंतर काही जण पूर्ववत झालेच नाहीत. मी स्वतः दोनदा चुकलो. पण एक फरक टिकला. आता शिक्षकखोलीत शिपायाचे आडनाव विचारले, तर सर्वांना सांगता येते.

मावशींचे मानपत्र मी तांबड्या शाईने रंगविले. नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत काढले. त्यांना वाचता येत नव्हते. नातीने बोट ठेवून वाचून दाखविले. हा लेख लिहिताना मी त्यांच्या घरी गेलो आणि तुमचे नाव छापू का, असे विचारले. त्या म्हणाल्या, “छापू नोका, गुरुजी. लोकायले वाटंल, मीच सांगतलं.” म्हणून ते इथे नाही. मात्र निघताना मी त्यांना नावाने, ‘ताई’ जोडून, ‘येतो’ म्हटले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि माझ्या नावापुढे ‘भाऊ’ लावून “या” म्हटले. एकवीस वर्षांत माझे नाव त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकले. त्यांना ते पहिल्यापासून ठाऊक होते.